चंद्रकोर, वेळापत्रक आणि एक अर्ज

20 जून 2023, मंगळवार. महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीशी हॉल तिकिटांसाठी रांग होती. रांगेत नसलेली एक मुलगी बाजूच्या दाराने आत आली आणि माझ्या टेबलावर दोन पानी अर्ज ठेवून म्हणाली, "मॅडम, एकोणतीसला ईद आहे आणि त्याच दिवशी पेपर आहे. सकाळी साडेदहाला. घरी त्याच वेळी कुर्बानी असते."

मी त्या वेळी महाविद्यालयाची परीक्षा अधिकारी होते. विद्यापीठाचे नाव येथे सांगत नाही, कारण जे सांगायचे आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच आहे. मुलगी तृतीय वर्ष वाणिज्यची, सत्र सहा. दोन पानांत बकरी ईदचे महत्त्व होते, हजरत इब्राहिमांची कथा होती, सर्वधर्मसमभावाबद्दल एक परिच्छेद होता आणि शेवटी "तरी कृपया पेपर पुढे ढकलावा ही नम्र विनंती" असे वाक्य होते. विषयाचा संकेतांक नव्हता, सत्र लिहिलेले नव्हते, पेपर कधी घ्यावा याचा उल्लेख नव्हता. वर पत्ता होता: "मा. परीक्षा नियंत्रक".

तिचे म्हणणे पूर्णपणे खरे होते. पण तो अर्ज तसाच गेला असता, तर कोणत्या टेबलावर अडकला असता हे मला दिसत होते. आम्ही तो पुन्हा लिहिला. तो कसा लिहिला आणि प्रत्येक ओळ तिथे का ठेवली, हे सांगते. असे अर्ज दरवर्षी येतात, आणि त्यातले बरेचसे मागणी चुकीची म्हणून नव्हे, तर उत्तर देता येईल अशा रूपात मागणी नसल्यामुळे नुसतेच फाइलला लागतात.

मुळात ही तारीख चुकली कुठे? राज्य सरकारचा सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतो. ती परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 25 खाली निघते. विद्यापीठाचा वेळापत्रक कक्ष ती यादी समोर ठेवतो आणि त्या तारखा रिकाम्या सोडतो. 2023 साली सुट्टीची तारीख म्हणून 28 जून, बुधवार धरलेला होता. त्याप्रमाणे कक्षाने 28 जून रिकामा ठेवला आणि 29 जूनला पेपर लावला. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. यादी आदल्या वर्षीच निघते आणि तिच्यात छापलेली बकरी ईदची तारीख हा अंदाज असतो, हे वेळापत्रक करणाऱ्याच्या लक्षात राहिले नाही, एवढेच.

हा अंदाज कुठे चुकू शकतो हे मराठी घरात कोणालाही पंचांग उघडून पाहता येते. बकरी ईद जिल्हिज महिन्याच्या दहाव्या दिवशी येते. महिना सुरू होतो तो चंद्रकोर प्रत्यक्ष दिसल्यावर. 2023 सालच्या जूनमध्ये अमावस्या 18 तारखेला सकाळी दहाच्या सुमारास संपली. त्या दिवशी संध्याकाळी सूर्य मावळला तेव्हा चंद्र जेमतेम नऊ तासांचा होता. इतका कोवळा चंद्र नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. साधारण पंधरा तासांच्या आतली कोर दिसणे फारच दुर्मिळ असते. दुसऱ्या दिवशी, 19 जूनला संध्याकाळी, तोच चंद्र तेहेतीस तासांचा झालेला होता. म्हणून जिल्हिजचा पहिला दिवस 20 जून आणि दहावा दिवस 29 जून. सौदी अरेबियात त्या वर्षी ईद 28 जूनला झाली, भारतात 29 ला.

आपल्या पंचांगात 'चंद्रदर्शन' असा शब्द असतो, तो हाच दिवस. आणि म्हणूनच त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली, जी त्या मुलीच्या अर्जात नव्हती. अमावस्येनंतर शुद्ध प्रतिपदा, बीज, तीज असे मोजत गेले की अकरावी तिथी एकादशी. चंद्रकोर बीजेच्या संध्याकाळी दिसली आणि तिथून पुढचा दिवस पहिला धरला, तर दहावा दिवस बहुतेक एकादशीवरच येऊन पडतो. 29 जून 2023 ला आषाढी एकादशी होती. आषाढी राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत नसते. त्यामुळे यादीप्रमाणे चालणाऱ्या कक्षाला 29 जून हा साधा कामकाजाचा गुरुवार वाटला, आणि त्याच गुरुवारी ईदही होती आणि आषाढीही.

मी तिला विचारले, "तुमच्या वर्गातले कोणी वारीला गेलेत का?" ती म्हणाली, "चारपाच जण आहेत मॅडम. एकाचे आईवडील देहूपासून चालतायत, तो शेवटच्या दोन दिवसांना जाणार होता. तोही पेपरचंच म्हणत होता."

इथे अर्जाचा पाया बदलला. "आमच्या सणासाठी" ऐवजी "या तारखेला दोन मोठ्या गटांची अडचण आहे, आणि त्यापैकी एकाचा सण अधिसूचित सुट्टीचाच आहे, फक्त तारीख सरकली आहे" असे लिहिता येणार होते. परीक्षा विभागाला यातला दुसरा भाग फार उपयोगी पडतो. अधिसूचित सुट्टीच्या दिवशी पेपर ठेवायचा नाही हा त्यांचाच शिरस्ता आहे. तुम्ही नवी सवलत मागत नाही, त्यांचा शिरस्ता खऱ्या तारखेला लावा एवढेच म्हणता. टिप्पणी लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला हे वाक्य तसेच उचलता येते.

आता अर्ज कोणाकडे जातो ते पाहू. 1994 च्या विद्यापीठ कायद्यात 'परीक्षा नियंत्रक' हे पद होते. 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम 2017 पासून लागू झाला आणि त्या पदाचे नाव 'संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ' झाले. बोलताना सगळे अजून परीक्षा नियंत्रकच म्हणतात, आणि अभिमत व खासगी विद्यापीठांत तसेच स्वायत्त महाविद्यालयांत ते पद खरोखरच त्या नावाचे असते. महाविद्यालय स्वायत्त असेल, तर विद्यापीठाकडे अर्ज पाठवून उपयोग नसतो. वेळापत्रक महाविद्यालयाचेच असते. आमचे महाविद्यालय संलग्न होते, म्हणून अर्ज संचालकांच्या नावे, पण प्राचार्यांमार्फत. विद्यार्थ्याने थेट पाठवलेला अर्ज विद्यापीठात बहुधा "महाविद्यालयाचा अभिप्राय घ्यावा" असा शेरा मारून परत महाविद्यालयाकडे येतो, आणि त्यात चारपाच दिवस जातात. आमच्या हातात नऊच दिवस होते.

'मार्फत' या शब्दाचा अर्थ मुलांना समजावून द्यावा लागतो. अर्जावर प्राचार्यांची शिफारस, महाविद्यालयाचा जावक क्रमांक आणि त्यासोबत महाविद्यालयाचे स्वतःचे एक पानी पत्र, असे तिन्ही असले की ते 'मार्फत' होते. विद्यापीठात आवक कक्षात शिक्का पडतो, आवक क्रमांक मिळतो. तिथून अर्ज वेळापत्रक कक्षात जातो, कक्ष अधिकारी टिप्पणी लिहितो, ती सहायक कुलसचिव, उपकुलसचिव अशी चढत संचालकांकडे जाते, आणि तारीख बदलायची असेल तर बहुतेक ठिकाणी कुलगुरूंची मान्यता घेतात. मग परिपत्रक. या साखळीत निर्णय सही करणारा घेत असला, तरी त्याला काय सुचवायचे ते टिप्पणी लिहिणारा ठरवतो. म्हणून अर्ज त्याच्यासाठी लिहायचा असतो. त्याला तीन गोष्टींची उत्तरे लागतात: नेमका कोणता पेपर, किती विद्यार्थी, आणि हलवायचा तर कुठे.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि जवळजवळ कोणीच त्याचे उत्तर देत नाही. "पुढे ढकलावा" म्हणजे कोणत्या दिवशी? आम्ही दोघी वेळापत्रक पसरून बसलो. तिच्या वर्गाचे पेपर 21, 23, 26 आणि 29 जून, मग 1 जुलै आणि शेवटचा 4 जुलै, सगळे सकाळच्या सत्रात. पहिल्याच नजरेला 28 जून रिकामा दिसला. पण सुट्टीची अधिसूचना तेव्हा 28 चीच होती, त्या दिवशी पेपर लावताच येत नव्हता. शिवाय ईदचा आदला दिवस अरफाचा, तिच्या घरी रोजा असतो. दुसरी रिकामी जागा 3 जुलै, सोमवार. ती म्हणाली, "मॅडम, तीनला घ्या म्हणून लिहू?" मी तिला दुसरे वेळापत्रक काढायला सांगितले, पाचव्या सत्राच्या पुनर्परीक्षार्थींचे. त्यांचा पेपर नेमका 3 जुलैला सकाळी होता. तृतीय वर्षाला असताना पाचव्या सत्राचा एखादा विषय राहिलेली मुले दोन्ही वेळापत्रकांत असतात. त्यांना एकाच सकाळी दोन पेपर आले असते. कक्षाने अर्ज वाचून लगेच हे पकडले असते आणि "शक्य नाही" असे लिहून मोकळे झाले असते.

त्याच वेळापत्रकात 6 जुलै, गुरुवार मात्र दोन्हीकडे रिकामा होता. शेवटच्या पेपरनंतर दोन दिवस. याला एक किंमत होती. विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल शेवटच्या पेपरपासून तीस दिवसांत आणि उशिरात उशिरा पंचेचाळीस दिवसांत लावायचा असतो. शेवटचा पेपर 4 ऐवजी 6 जुलैला गेला की ती मुदत 18 ऑगस्टवरून 20 ऑगस्टवर जाते. दोन दिवस परवडतात; दोन आठवडे परवडत नाहीत. "परीक्षा संपल्यावर केव्हाही घ्या" असे लिहिणाऱ्याला हा हिशेब दिसत नाही.

किती विद्यार्थी हा आकडा मात्र आम्हाला अर्धवटच देता येत होता. पेपर संपूर्ण विद्यापीठाचा, आमच्याकडे आमच्या केंद्राचीच यादी. मी तिला आपल्या वर्गातून सह्या घ्यायला सांगितल्या, ईदसाठी आणि आषाढीसाठी अशा दोन वेगळ्या रकान्यांत, आसन क्रमांकासह. दुपारपर्यंत तिने एकेचाळीस सह्या आणल्या. तेहेतीस पहिल्या रकान्यात, आठ दुसऱ्या. आसन क्रमांक नसलेल्या सह्यांना विद्यापीठात काही अर्थ नसतो, कारण सही करणारा त्या पेपरला बसणार आहे की नाही हे कोणालाच तपासता येत नाही.

संध्याकाळी गेलेला अर्ज असा होता. तपशिलाच्या जागा मोकळ्या ठेवते.

दिनांक: 20 जून 2023
प्रति,
मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
… विद्यापीठ.
मार्फत: मा. प्राचार्य, … महाविद्यालय.

विषय: तृतीय वर्ष वाणिज्य, सत्र 6, विषय संकेतांक … या विषयाचा 29 जून 2023 (सकाळ सत्र) रोजीचा पेपर 6 जुलै 2023 रोजी घेण्याबाबत.
संदर्भ: आपले वेळापत्रक परिपत्रक क्र. …, दिनांक ….

महोदय,
वरील विषयाचा पेपर गुरुवार, 29 जून 2023 रोजी सकाळी 10.30 वाजता आहे. शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीत बकरी ईदची सुट्टी 28 जून अशी आहे व वेळापत्रकात तो दिवस रिकामा ठेवला आहे. परंतु जिल्हिज महिन्याचे चंद्रदर्शन काल, 19 जून रोजी झाल्याने ईद 29 जून रोजी आहे. ईदची नमाज व कुर्बानी सकाळच्या वेळेतच असल्याने पेपरला उपस्थित राहणे आम्हाला शक्य नाही. त्याच दिवशी आषाढी एकादशी असून वारीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचीही अडचण आहे.

सदर पेपर 6 जुलै 2023 रोजी सकाळ सत्रात घ्यावा ही विनंती. सत्र 6 नियमित व सत्र 5 पुनर्परीक्षा या दोन्ही वेळापत्रकांत या वर्गाचा त्या दिवशी पेपर नाही. हे शक्य नसल्यास अनुपस्थित विद्यार्थ्यांसाठी, क्रीडा स्पर्धांमुळे परीक्षेस मुकणाऱ्या विद्यार्थ्यांप्रमाणे, याच सत्रात विशेष परीक्षा घ्यावी व 29 जूनची अनुपस्थिती प्रयत्न म्हणून धरू नये.

आमच्या केंद्रावरील 41 विद्यार्थ्यांच्या सह्या आसन क्रमांकांसह जोडल्या आहेत. तयारीसाठी निर्णय 24 जूनपर्यंत कळल्यास उपकार होतील.

आपली विश्वासू,
(नाव, आसन क्रमांक, कायम नोंदणी क्रमांक, संपर्क)

सोबत: 1) वेळापत्रकाची प्रत, तारखेवर खूण करून. 2) चंद्रदर्शनाच्या घोषणेचे कात्रण. 3) सह्यांची यादी. 4) महाविद्यालयाचे शिफारसपत्र.

या अर्जात ईदची कथा नाही. ती काढताना मुलगी जरा थबकली होती. मी तिला म्हटले, "अगं, सण मोठा आहे हे वाचणाऱ्याला पटवायची गरज नाही, सरकारने सुट्टी दिली तेव्हाच ते ठरलंय. त्याला फक्त तारीख कळायला हवी." मग सकाळच्या वेळेचे वाक्य मात्र तिने स्वतः लिहिले. ते आवश्यक होते. ईदची नमाज सूर्य वर आल्यावर, साधारण सात ते नऊच्या दरम्यान होते. घरातले पुरुष ईदगाहवरून परत आले की कुर्बानी, मग तीन वाटे: घरचा, नातेवाइकांचा, गरिबांचा. वाटे करायला, पोचवायला आणि चुलीशी घरातल्या मुलीच असतात. हे ठाऊक नसलेला कोणीही अगदी चांगल्या हेतूने सुचवू शकतो की नमाज लवकर उरकते, साडेदहाला या. किंवा पेपर दुपारच्या सत्रात ढकलू शकतो. दुपारच्या सत्राने वारकऱ्याचा प्रश्न तर मुळीच सुटत नाही, पंढरपूरहून कोणी दुपारी येऊ शकत नाही. म्हणून आम्ही दुपारचा पर्याय लिहिलाच नाही. जो पर्याय तुम्हाला चालणार नाही तो अर्जात सुचवला, तर नेमका तोच मंजूर होऊन येतो.

दुसरा पर्याय लिहावा की नाही यावर माझ्या सहकाऱ्यांत मतभेद होते. काहींचे म्हणणे, पर्याय दिला की विद्यापीठ सोपा पर्याय उचलते. मला तसे वाटत नाही. तारीख हलवणे हे काम जड आहे. त्या विषयाची प्रश्नपत्रिका आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइन पाठवली जाते, केंद्रावर परीक्षेच्या थोडे आधी सांकेतिक शब्दाने उघडते. त्यामुळे पूर्वीसारखी सीलबंद पाकिटे केंद्रांवर पोचून पडलेली नसतात आणि बदल सोपा झाला आहे. तरी वर्गखोल्या, पर्यवेक्षक, भरारी पथके, इतर शाखांच्या परीक्षांसाठी दिलेल्या जागा, हे सगळे पुन्हा जुळवावे लागते. विशेष परीक्षेला नवी प्रश्नपत्रिका लागते, कारण एकदा वर्गात गेलेली पुन्हा वापरता येत नाही. पण ती परीक्षा थोड्या मुलांसाठी एकाच केंद्रावर होऊ शकते. कोणते ओझे उचलायचे हे विद्यापीठाने ठरवावे. मुलांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून दुसरे दार उघडे ठेवणे मला योग्य वाटते.

ते दार काल्पनिक नाही. मार्च 2025 मध्ये सीबीएसईच्या बारावीचा हिंदीचा पेपर 15 मार्चला होता आणि काही भागांत होळी त्याच दिवशीपर्यंत चालणार होती. मंडळाने पेपर हलवला नाही. ज्या विद्यार्थ्यांना त्या दिवशी येणे शक्य होणार नाही, त्यांची परीक्षा राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच्या विशेष परीक्षेबरोबर घेऊ, असे जाहीर केले. आमच्या अर्जातला क्रीडा स्पर्धांचा उल्लेख त्याच विचाराचा होता: विशेष परीक्षेची सोय आधीच असते, तिच्यात आणखी एक कारण बसवायचे असते.

आधीचे उदाहरण दाखवता येणे किती उपयोगी पडते, ते त्याच वर्षीच्या जानेवारीत दिसले. चार्टर्ड अकाउंटंट संस्थेने फाउंडेशन परीक्षेचा 14 जानेवारीचा पेपर मकरसंक्रांत, पोंगल, बिहू यांमुळे महिन्याहून अधिक आधीच 16 जानेवारीला नेला होता. यूजीसी नेटचे पेपर मात्र पोंगलच्या दिवसांतच होते. तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी केंद्रीय शिक्षणमंत्र्यांना पत्र लिहिले. त्यात पोंगलनंतरच्या दिवसांच्या राज्याने दिलेल्या सुट्ट्या तारखांसह होत्या, आणि चार्टर्ड अकाउंटंट संस्थेने आपली तारीख बदलल्याचा दाखला होता. 15 जानेवारीचे पेपर दोन दिवस आधी, 13 तारखेला रद्द झाले आणि नंतर 21 व 27 जानेवारीला झाले. मुख्यमंत्र्यांच्या पत्रातही तारखा होत्या आणि उदाहरण होते. आणि इतक्या मोठ्या पदावरून गेलेल्या पत्रालाही शेवटच्या दोन दिवसांपर्यंत थांबावे लागले.

म्हणून वेळ महत्त्वाचा. आमच्या अर्जाला नऊ दिवस मिळाले ते बकरी ईदमुळे. चंद्र दहा दिवस आधी दिसतो, त्यामुळे तारीख दहा दिवस आधी पक्की होते. तेवढा वेळही प्रत्यक्षात किती अपुरा असतो ते त्या वर्षी मुंबई आणि राष्ट्रीय शेअर बाजारांनीही दाखवले: त्यांनी आपली सुट्टी 28 वरून 29 जूनला नेली ती 27 जूनला, म्हणजे जेमतेम एक दिवस आधी. रमजान ईदला तर दहा दिवसही मिळत नाहीत. तिचा चंद्र आदल्या संध्याकाळी दिसतो किंवा दिसत नाही, एकोणतीस रोजे होतात किंवा तीस. 2025 मध्ये रोजे 2 मार्चला सुरू झाले, त्यामुळे ईद 31 मार्च किंवा 1 एप्रिल यांपैकी एका दिवशी होणार हे रमजान लागल्याच्या दिवशीच ठरलेले होते. त्या वर्षी 30 मार्चला गुढीपाडवा होता. त्या संध्याकाळी कोर दिसली आणि 31 ला ईद झाली. रमजान ईदसाठी अर्ज लिहायचा तर तो "पेपर हलवा" असा लिहून चालत नाही. त्यात "या दोन्ही तारखा रिकाम्या ठेवा" असे लिहावे लागते, आणि तोही वेळापत्रक तात्पुरते असताना. अंतिम वेळापत्रक लागण्याआधी बहुतेक विद्यापीठे तात्पुरते वेळापत्रक काढून हरकती मागवतात. त्या आठवड्यात आलेल्या पत्राने एका ओळीत काम होते. अंतिम वेळापत्रक लागल्यावर त्याच मागणीसाठी फाइल कुलगुरूंपर्यंत जाते.

इस्लामी वर्ष सुमारे 354 दिवसांचे, म्हणून हे दोन्ही सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. 2023 ला जूनअखेर असलेली बकरी ईद 2024 ला 17 जूनला आली, 2025 ला 7 जूनला. ती आता उन्हाळी सत्राच्या परीक्षांच्या ऐन मध्यात शिरते आहे आणि आणखी काही वर्षे तिथेच राहील. आमच्या महाविद्यालयात तेव्हापासून एक सवय लागली. तात्पुरते वेळापत्रक आले की परीक्षा विभागातल्या लिपिक ताई पंचांग काढतात, त्या महिन्यातल्या अमावस्येची वेळ बघतात आणि सुट्टीच्या तारखेच्या पुढच्या-मागच्या दिवशी पेपर असेल तर पेन्सिलने गोल करतात. अमावस्या सकाळी संपली असेल तर त्या संध्याकाळी चंद्र दिसण्याची आशा नाही, ती आदल्या रात्रीच संपली असेल तर शंका ठेवायची, एवढाच त्यांचा नियम. ढग आले, दुसऱ्या शहरातून साक्ष आली, असे प्रकार होतात. शेवटी घोषणा स्थानिक चंद्रदर्शन समितीचीच मानायची. पण वेळापत्रकावर गोल कुठे करायचा हे त्यावरून नक्की कळते.

त्या मुलीचा अर्ज 21 जूनला सकाळी मी स्वतः नेला. आवक कक्षात शिक्का मारून घेतला, आवक क्रमांक तिला फोनवर सांगितला. वेळापत्रक कक्षातल्या अधिकाऱ्यांनी सह्यांची यादी उलटून पाहिली, पुनर्परीक्षार्थींचे वेळापत्रक काढले, 6 जुलैवर बोट ठेवले आणि विचारले, "हे तुम्ही बघूनच लिहिलंय ना?" मी हो म्हटले. दोन आणखी महाविद्यालयांचे अर्ज त्यांच्याकडे आलेले होते, दोन्हीत तारीख नव्हती. त्यांनी तिन्ही एका फाइलला लावले आणि आमच्या अर्जातली तारीख टिप्पणीत घेतली.

23 जूनला संध्याकाळी परिपत्रक आले. पेपर 6 जुलै, सकाळ सत्र, वेळ तीच, केंद्र तेच, हॉल तिकिटे नवी छापली जाणार नाहीत, जुनीच ग्राह्य. ते वाचताना मला बरे वाटले आणि लगेच शेवटच्या ओळीची काळजी वाटली, कारण हॉल तिकिटावर 29 जूनच छापलेले होते. आम्ही फलकावर लावले, वर्गाच्या गटांवर टाकले, पुनर्परीक्षार्थींना फोन केले. तरीही 29 जूनला सकाळी दहा वाजता फाटकाशी दोन मुले उभी होती. महाविद्यालय सोडून दोन वर्षे झालेली, कुठल्याच गटात नसलेली, हातात हॉल तिकीट. एक पालघरकडून पहाटेच्या गाडीने आला होता. शिपायाने त्यांना आत बसवून चहा दिला आणि परिपत्रकाची प्रत दिली. पुढच्या परीक्षेपासून तारीख बदलली की आम्ही जुन्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डही टाकू लागलो, कारण त्यांचे फोन नंबर बदललेले असतात आणि घरचा पत्ता बहुधा तोच असतो.

6 जुलैला ती पेपर द्यायला आली तेव्हा तिने स्टीलचा एक डबा आणला होता. शेजारी वारीहून परतलेला तिचा वर्गमित्र होता, कपाळावरचा बुक्का पुसट झालेला. डब्यात शीरखुर्मा होता, त्याच्यासाठी वेगळ्या छोट्या डब्यात. पहिली घंटा व्हायला वीस मिनिटे होती.